सदरा भिजलेला, पण आरपार नाही

पावसात सापडलेल्या शेतकऱ्याचं चित्र संगणकावर रंगवताना निळा सुती सदरा ओला दाखवायचा असतो. सुती कापड भिजलं की धाग्यांमधल्या हवेच्या जागी पाणी शिरतं. मग प्रकाश कमी विखुरतो, आत जास्त जातो आणि रंग गडद दिसतो. पातळ पांढरं कापड आरपार दिसतं तेही याचमुळे. म्हणून सदरा जाड आणि गडद निवडला, की निम्मी काळजी मिटते.

सदऱ्याच्या थरावर Multiply पद्धतीचा नवा थर टाकून तो सदऱ्यापुरताच बांधून घ्यावा, म्हणजे हात, मान आणि चेहऱ्याला रंग लागत नाही. या थरात सदऱ्याचाच गडद निळा साधारण ४० टक्के अपारदर्शकतेने भरावा. काळा घेतला तर ओल मळासारखी दिसते. निळ्यात तपकिरी झाक आली, तर मात्र आतली कातडी दिसू लागल्याचा भास होतो. हा भास नेमका खांद्यावर आणि छातीवर होतो, तेव्हा तिथला रंग मोठा करून तपासावाच.

पाऊस आधी खांद्यांवर आणि पाठीवर पडतो. काखेखालचा भाग कोरडा ठेवावा आणि ओलीची कड वेडीवाकडी, पुसट सोडावी. ओल्या कापडाच्या चुण्या कमी, पण जड असतात. त्यांच्या माथ्यावर चमकेची बारीक रेघ पुरते. रुंद चमक दिली की सुती सदऱ्याचा रेनकोट होतो. कातडीचा मूळ रंग तसाच राहू द्यावा, वर मोजके थेंब ठेवावेत.