'दोन बॉक्स पाठवा' म्हणजे नेमके किती?

"दादा, ग्लव्हज संपत आलेत, दोन बॉक्स पाठवा. 5 एमएलच्या सिरिंजपण, नेहमीच्याच. उद्या जमेल ना?" दवाखान्यातून पुरवठादाराला असा व्हॉट्सअ‍ॅप जातो. ग्लव्हजच्या डबीत साधारण 100 नग असतात, अशा दहा डब्यांचा बहुधा एक कार्टन होतो, आणि बॉक्स दोघांनाही म्हणतात. म्हणून ऑर्डरच्या ईमेलमध्ये नग लिहावेत:

"नायट्राइल तपासणी ग्लव्हज, पावडरविरहित, मध्यम आकार: 2 डब्या, प्रत्येकी 100, एकूण 200 नग. डिस्पोजेबल सिरिंज 5 एमएल, 24 जी सुईसह: 100 नग. दोन्हींची मुदत किमान 18 महिने शिल्लक हवी. 12 तारखेला दुपारी 1 पर्यंत दवाखान्यात पोच. वाहतूक खर्च पुरवठादाराचा. बिलावर बॅच क्रमांक असावा."

चॅटमधला सर्वांत फसवा शब्द 'नेहमीच्याच'. तो उलगडायला मागचे बिल काढावे. ग्लव्हज लॅटेक्सचे की नायट्राइलचे, हे बिलातूनही कळले नाही तर अंदाजाने लिहू नये, डॉक्टरांना विचारावे. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णाला ही चूक भोवते. पुरवठादाराचे उत्तर नुसते "ओके" आले, तर नग आणि तारीख लिहून मागावी.