उलट्या टिपेचा धागा

डीएनएच्या दोन धाग्यांची तोंडं विरुद्ध दिशांना असतात. नवा धागा विणणारं पॉलिमरेज हे विकर मात्र एकाच दिशेने चालतं. धाग्याच्या एका टोकाला ‘तीन प्राइम’ म्हणतात, आणि नवं अक्षर त्याच टोकाला जोडता येतं. 1963मध्ये जॉन केर्न्स यांनी जिवाणूच्या डीएनएची किरणोत्सारी छायाचित्रं प्रसिद्ध केली, तेव्हा दोन्ही नवे धागे उकलत्या टोकामागे बरोबरीने वाढताना दिसले. एकदिशा विकराला हे जमतं कसं?

जपानमधल्या नागोया विद्यापीठात रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने हे कोडं हाती घेतलं. त्यांनी जिवाणूंना अवघे काही सेकंद किरणोत्सारी थायमिडीन दिलं आणि वाढ तिथेच थांबवली. मग डीएनएचे धागे अल्कलीने सुटे केले आणि साखरेच्या द्रावणातून वेगाने फिरवून लांबीनुसार वेगळे केले. नुकत्याच तयार झालेल्या डीएनएचा मोठा भाग एक ते दोन हजार अक्षरांच्या तुकड्यांमध्ये सापडला. थायमिडीन जास्त वेळ दिलं, की तोच किरणोत्सार लांबलचक धाग्यांत दिसे. म्हणजे तुकडे आधी बनत होते, सांधले नंतर जात होते. सांधणारं लायगेज निकामी केलं तेव्हा तुकडे साचत गेले, आणि शंका फिटली. 1968मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. रेइजी लहानपणी हिरोशिमात अणुबॉम्बच्या किरणोत्साराच्या संपर्कात आले होते. 1975मध्ये ल्युकेमियाने त्यांचं निधन झालं. त्सुनेको यांनी संशोधन पुढे चालू ठेवलं.

माणसाच्या पेशीच्या केंद्रकात हेच काम अधिक बंदोबस्तात चालतं. पेशी विभाजनाच्या तयारीला लागली, की गुणसूत्रांवर हजारो ठिकाणी हेलिकेजची कडी आधीच बसवून ठेवली जाते, पण ती चालू होत नाही. द्विगुणनाचा टप्पा आल्यावर तिला साथीदार प्रथिनं जोडली जातात आणि कडी एका धाग्यावरून सरकत दोन धागे वेगळे करते. पुढच्या भागात पीळ घट्ट होतो. तो टोपोआयसोमरेज धागा कापून, सैल करून, पुन्हा जोडून काढतं. उघडे पडलेले धागे पुन्हा चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर आरपीए हे प्रथिन बसतं.

पॉलिमरेजला कोऱ्या धाग्यावर सुरुवात करता येत नाही. म्हणून प्रायमेज आधी आरएनएची सुमारे दहा अक्षरं घालतं. त्याच्याच जोडीचं पॉलिमरेज अल्फा त्याला डीएनएची वीसेक अक्षरं लावतं आणि बाजूला होतं. पुढे वाटा फुटतात. एका बाजूला पॉलिमरेज एप्सिलॉन हेलिकेजच्या मागोमाग अखंड धागा विणत जातं. दुसऱ्या बाजूला पॉलिमरेज डेल्टाला उकलत्या टोकाकडे पाठ करूनच काम करावं लागतं. थोडा भाग उघडला, की नवा प्रायमर घालायचा, तिथून मागच्या तुकड्यापर्यंत विणत यायचं, मग पुन्हा पुढचा प्रायमर. शिवणकामातल्या उलट्या टिपेसारखंच हे: काम पुढे सरकतं, टाका मागे पडतो.

आपल्या पेशींत हे तुकडे जिवाणूंच्या तुकड्यांहून बरेच आखूड, शंभर ते दोनशे अक्षरांचे असतात. एका पेशीतला सगळा, सहा अब्जांहून अधिक अक्षरजोड्यांचा डीएनए दुप्पट व्हायचा, तर असे काही कोटी तुकडे लागतात. प्रत्येक तुकड्यापाशी पीसीएनए हे कडं पॉलिमरेज डेल्टाला धाग्याला धरून ठेवतं. डेल्टा मागच्या तुकड्याला भिडलं, की त्याचा प्रायमर उचलून धरतं, फेन-1 हे विकर तो लोंबता भाग छाटतं आणि लायगेज शेवटची फट सांधतं.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा उलट दिशेने चालणारं पॉलिमरेज का नसावं? याचं सर्वमान्य स्पष्टीकरण चुकांच्या दुरुस्तीत आहे. जोडणीची ऊर्जा नवं अक्षर स्वतःबरोबर आणतं. चुकीचं अक्षर बसलं, तर एप्सिलॉन आणि डेल्टा ते लगेच कापतात, आणि मोकळं टोक पुढच्या अक्षरासाठी तयारच असतं. उलट दिशेने वाढ झाली असती, तर ती ऊर्जा वाढत्या टोकावर असती. चुकीचं अक्षर कापताच तीही गेली असती आणि काम तिथेच अडलं असतं.

ही दुरुस्ती बंद पडली तर काय होतं, ते रुग्णांमध्ये दिसतं. पॉलिमरेज एप्सिलॉनच्या ‘पीओएलई’ जनुकातल्या काही बदलांमुळे त्याची कापण्याची क्षमता बिघडते, विणणं मात्र चालूच राहतं. गर्भाशयाच्या अस्तराच्या आणि मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत हे बदल आढळतात. अशा गाठींच्या डीएनएत चुकांची संख्या इतर गाठींपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि त्या ठरावीक नमुन्याच्या असतात. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात या गाठी बऱ्या होण्याची शक्यता सहसा अधिक असते, कारण एवढ्या बदललेल्या पेशी प्रतिकारशक्तीच्या नजरेत लवकर भरतात, असं मानलं जातं. म्हणूनच या कर्करोगाचं निदान झाल्यावर गाठीच्या नमुन्यात पीओएलईची तपासणी करून उपचार किती तीव्र ठेवायचे, हे ठरवण्याची पद्धत आता रूढ होत आहे.