चांगुलपणाची किंमत ४० अ‍ॅडम

२००७ साली आलेला ‘बायोशॉक’ हा व्हिडिओ गेम समुद्राच्या तळाशी मोडकळीला आलेल्या रॅप्चर नावाच्या शहरात घडतो. तिथे लहान मुली प्रेतांमधून ‘अ‍ॅडम’ नावाचं द्रव्य गोळा करत फिरतात. हे अ‍ॅडम देऊन खेळाडूला हातातून वीज किंवा आग फेकण्यासारख्या शक्ती विकत घेता येतात. अशी मुलगी तावडीत सापडली की निवड समोर येते. तिचा जीव घेऊन अ‍ॅडम काढलं तर १६० मिळतं, तिला बरं करून सोडलं तर ८०.

पाप दुप्पट फायद्याचं दिसतं, म्हणून मोह खरा वाटतो. पण दर तीन मुली वाचवल्या की शास्त्रज्ञ टेनेनबॉमबाई भेट पाठवतात, आणि त्या भेटीत २०० अ‍ॅडम असतं. आता हिशेब मांडा. तीन मुली मारणाऱ्याला ४८०, वाचवणाऱ्याला ४४०. फरक फक्त ४० अ‍ॅडमचा! शिवाय भेटीतल्या काही शक्ती मारणाऱ्याला मिळतच नाहीत. म्हणजे सज्जन खेळाडूला त्याग करावाच लागत नाही, थोडी वाट पाहिली की झालं. खेळाचा शेवट वेगळा होतो हे खरं, पण तो येईपर्यंत दोघांचे दिवस जवळजवळ सारखेच गेलेले असतात.

निर्मात्यांची अडचण समजण्यासारखी आहे. भल्या माणसाला खेळ जास्त अवघड करून ठेवला तर तो वैतागून बंद करेल, ही एक भीती. दुसरी खर्चाची. प्रत्येक निवडीला दोन फाटे फुटले आणि ते पुन्हा कुठे जुळलेच नाहीत, तर दहा निवडींनंतर १०२४ वेगवेगळ्या कथा लिहाव्या लागतील. संवाद, चित्रं, आवाज सगळ्यांसकट. म्हणून फाटे लवकरच एका वाटेला आणून सोडतात. टेलटेल कंपनीच्या ‘द वॉकिंग डेड’मध्ये (२०१२) पहिल्या भागात डग किंवा कार्ली यांपैकी एकालाच वाचवता येतं. काळजावर दगड ठेवून निवड करावी, तर वाचलेलं माणूस तिसऱ्या भागात गोळी लागून मरतंच, मग ते कोणीही असो. पहिल्यांदा खेळताना हे कळत नाही. दुसऱ्यांदा मात्र फसवल्यासारखं वाटतं.

माझ्या मते यावरचा उपाय जास्त फाटे फोडण्यात नाही. खेळाडू ज्या गोष्टी मिनिटामिनिटाला जपत असतो, त्यांतूनच निवडीची किंमत वसूल झाली पाहिजे. लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) नेमकं हेच करतो. यात तुम्ही आर्स्टोट्झ्का या काल्पनिक देशाच्या सीमेवर कागदपत्रं तपासणारे कारकून असता. नीट तपासलेल्या माणसामागे ५ क्रेडिट मिळतात आणि संध्याकाळी त्यांतूनच भाडं, अन्न आणि घर गरम ठेवण्याचा खर्च भागवायचा असतो. पैसे कमी पडले तर घरातलं कोणी आजारी पडतं, पुढे मरतंही.

एके दिवशी एक माणूस येतो, कागद चोख. जाताना सांगतो, मागून माझी बायको येते आहे, तिच्याशी जरा चांगलं वागा. बायको येते आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवानाच नसतो. इथे चांगलं-वाईट अशी दोन बटणं नाहीत. दिवसभर वापरलेला तोच शिक्का हातात असतो. आत सोडलं तर चुकीची चिठ्ठी येते. दिवसाच्या पहिल्या दोन चुका माफ असतात, दंड त्यानंतर. त्यामुळे दयाळूपणा परवडतो, पण गडबडीत होणाऱ्या खऱ्या चुकांसाठी राखलेली माफी त्यात खर्च होते. पुढच्या रांगेत एखादी तारीख नजरेतून निसटली की भुर्दंड घरच्यांना. यासाठी नवी कथा लिहावी लागली नाही, एक मोजणी पुरली.

दुसरी युक्ती विलंबाची. परिणाम लगेच दिसला, तर खेळाडू आधी साठवलेल्या जागी परत जाऊन निवड बदलतो आणि मोकळा होतो. पोलंडच्या ‘द विचर’मध्ये (२००७) सुरुवातीला नदीकाठचा माल बंडखोरांना घेऊ द्यायचा की नाही, हे ठरवावं लागतं. घेऊ दिला, तर कित्येक तासांनी पुढच्या प्रकरणात कळतं की ज्याच्याकडून माहिती हवी होती, तो त्यांच्याच हातून मेला आहे. एवढं मागे जाऊन पुन्हा कोण खेळणार?

विलंबाची मर्यादाही आहे. मधल्या तासांत मूळ प्रसंगच विसरला गेला, तर मृत्यू निव्वळ योगायोग वाटतो. म्हणून ‘द विचर’ त्या क्षणी जुनी निवड चित्रांसह सांगून दाखवतो. किंमत अवाच्या सवा ठेवली तरी बिघडतंच. त्या बाईला आत सोडल्यावर घरचं माणूस हमखास मरणार असतं, तर फारच थोड्यांनी तिच्या पासपोर्टवर मंजुरीचा शिक्का मारला असता.