विश्लेषण : जन्मापूर्वीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढवल्यास सिकलसेल, थॅलेसेमियाचा त्रास का कमी होतो?

सिकलसेलचा दोष जनुकात जन्मापासूनच असतो. तरीही तो घेऊन जन्मलेले बाळ पहिले पाच-सहा महिने बहुधा धडधाकट दिसते. हातापायांवर सूज येणे, अंगातले रक्त कमी होणे, असह्य वेदना हा त्रास त्यानंतर सुरू होतो. याच महिन्यांत बाळाच्या रक्तातून एक विशिष्ट हिमोग्लोबिन नाहीसे होत असते. तेच पुन्हा काही प्रमाणात वाढवण्याचे काम हायड्रॉक्सियुरिया हे औषध करते. मात्र हे हिमोग्लोबिन किती टक्के आहे, एवढ्याच आकड्यावरून रुग्णाची स्थिती समजत नाही.

गर्भीय हिमोग्लोबिन म्हणजे काय?

हिमोग्लोबिनचा प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा बनतो. मोठ्या माणसांत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. गर्भात बीटाच्या जागी गॅमा साखळ्या असतात. हेच गर्भीय हिमोग्लोबिन, म्हणजे तपासणी अहवालात दिसणारे ‘एचबीएफ’. ते ऑक्सिजनला अधिक घट्ट धरते, त्यामुळे गर्भाला आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घेता येतो. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात बहुतांश हिमोग्लोबिन याच प्रकारचे असते. पुढच्या काही महिन्यांत गॅमाचे जनुक मंदावते, बीटाचे जनुक जोर धरते आणि मोठेपणी एचबीएफ एक-दोन टक्क्यांच्या आतच उरते. गॅमाचे जनुक कुठे जात नाही. ते फक्त बंद केलेले असते.

सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया या दोन्ही आजारांत दोष बीटा साखळीत असतो. म्हणून गॅमा साखळी चालू असेपर्यंत बाळाला झळ बसत नाही. सिकलसेल असलेल्या नवजात बाळांना त्रास का होत नाही, याचे कारण गर्भीय हिमोग्लोबिन असावे, असा अंदाज न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच मांडला होता.

सिकलसेलमध्ये ते नेमके काय रोखते?

सिकलसेलमध्ये बीटा साखळीतले फक्त एक अमिनो आम्ल बदललेले असते. ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे लांब, ताठ धागे बनतात. त्या धाग्यांनी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. तिथला रक्तपुरवठा तुटला की वेदना होतात. रुग्णांच्या भाषेत हाच ‘क्रायसिस’.

गॅमा साखळी असलेला रेणू या धाग्यात बसत नाही. एक गॅमा आणि एक सदोष बीटा असा मिश्र रेणू तयार झाला, तरी तोही नीट जुळत नाही. शिवाय एचबीएफने पेशीत जागा घेतल्यामुळे सदोष हिमोग्लोबिनची दाटी कमी होते. धागे बनायला लागणारा वेळ या दाटीवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. दाटी थोडीशी कमी झाली, तरी हा वेळ कितीतरी वाढतो. तांबडी पेशी बारीक रक्तवाहिनीतून साधारण सेकंदभरात पार होते. तेवढ्या वेळात धागे बनले नाहीत, तर ती न अडकता फुप्फुसाकडे परतते आणि तिथे पुन्हा ऑक्सिजन घेते. धागे बनणे कायमचे थांबत नाही, ते लांबते. आणि पेशी निसटायला तेवढे पुरते.

हायड्रॉक्सियुरिया एचबीएफ कसे वाढवते?

हे औषध जुने आहे. ते प्रथम १८६९ मध्ये जर्मनीत तयार झाले आणि पुढे रक्ताच्या काही कर्करोगांत वापरले गेले. डीएनएचे घटक बनवणारे एक विकर ते रोखते, त्यामुळे वेगाने विभागणाऱ्या पेशींची वाढ मंदावते. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बनण्याच्या प्रक्रियेला असा धक्का बसला, की ती भरून काढण्यासाठी मज्जा घाई करते. या घाईत ज्या पेशी तयार होतात, त्यांत गॅमा साखळी बनवण्याची क्षमता जास्त टिकून असते. जनुक चालू करणारे इतर मार्गही यात असावेत, असे संशोधक मानतात. पण बीटा साखळीतला मूळ दोष औषधाने दुरुस्त होत नाही.

औषधाचे आणखी काही परिणाम सिकलसेलमध्ये उपयोगी पडतात. पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून रस्ता अडवणाऱ्या पेशी घटतात. तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात आणि त्यांत पाण्याचे प्रमाण वाढते.

अमेरिका आणि कॅनडातील २९९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध न घेणाऱ्या गटात वर्षाला साधारण ४.५ क्रायसिस आले, तर औषध घेणाऱ्या गटात २.५. हा फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. अमेरिकेत प्रौढांसाठी १९९८ मध्ये आणि मुलांसाठी २०१७ मध्ये औषधाला मान्यता मिळाली.

टक्का चांगला, तरी त्रास का?

भारतातील अनेक सिकलसेल रुग्णांत एचबीएफ मुळातच जास्त असते, पुष्कळदा १५ टक्क्यांच्या वर. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत ते साधारणपणे याहून बरेच कमी आढळते. त्यामुळे ‘भारतातला सिकलसेल सौम्य’ असा समज रूढ झाला. विदर्भातील रुग्णांचा अनुभव मात्र वेगळा आहे. एचबीएफ चांगले असूनही वारंवार दवाखान्यात दाखल होणारी मुले तिथे आहेत.

यामागचे एक कारण असे, की अहवालातला टक्का ही सरासरी असते. समजा, दोन मुलांचे एचबीएफ ३० टक्के आहे. पहिल्या मुलाच्या प्रत्येक पेशीत ते ३० टक्के आहे. दुसऱ्याच्या दहापैकी सहा पेशींत ते ५० टक्के आहे आणि उरलेल्या चार पेशींत अजिबात नाही. दोघांचा अहवाल सारखाच येईल. पण दुसऱ्याच्या त्या चार पेशी पूर्वीसारख्याच वाकतील आणि वाहिनी अडवतील. काही व्यक्तींना सिकलसेलच्या जनुकासोबत गर्भीय हिमोग्लोबिन आयुष्यभर चालू ठेवणारा दुसरा आनुवंशिक बदल मिळालेला असतो. त्यांच्यात एचबीएफ जवळपास ३० टक्के आणि सगळ्या पेशींत सारखे पसरलेले असते. त्यांना आजाराचा त्रास जवळपास होत नाही.

म्हणूनच एचबीएफ आधीच जास्त असलेल्या रुग्णांनाही हायड्रॉक्सियुरियाचा उपयोग होतो. नागपूरमध्ये अशाच तीव्र त्रास असलेल्या ६० मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० मिलिग्रॅम, इतक्या कमी मात्रेनेही क्रायसिस आणि रक्त चढवण्याची वेळ लक्षणीय घटली. दुसरीकडे, युगांडातील मुलांवरील २०२० मधील चाचणीत ठरावीक मात्रेवर थांबण्यापेक्षा सोसवेल तेवढी मात्रा हळूहळू वाढवणे अधिक परिणामकारक ठरले.

थॅलेसेमियात कारण वेगळे का?

थॅलेसेमियात धागे बनत नाहीत. तिथे बीटा साखळी फारच कमी बनते किंवा बनतच नाही. अल्फा साखळी मात्र नेहमीसारखी तयार होत राहते. जोडीदार न मिळालेली अल्फा साखळी पेशीत साचते, तिचे गोळे होतात आणि तांबडी पेशी मज्जेतच मरते. म्हणून मज्जा प्रचंड काम करूनही रक्त वाढत नाही, हाडे रुंद होतात आणि प्लीहा फुगते. गॅमा साखळी वाढली, तर ती बीटाची जागा घेऊन या शिल्लक अल्फाला जोडीदार पुरवते. पेशी जगतात आणि हिमोग्लोबिन वाढते.

इथेही टक्का फसवतो. बीटा थॅलेसेमिया मेजरच्या मुलात रक्त चढवण्याआधी ९० टक्क्यांहून अधिक हिमोग्लोबिन गर्भीय असू शकते. पण एकूण हिमोग्लोबिनच तीन-चार ग्रॅम असेल, तर त्या ९० टक्क्यांचा उपयोग काय? थॅलेसेमियात प्रश्न असतो तो एकूण किती अल्फा साखळ्यांना जोडीदार मिळाला याचा. हायड्रॉक्सियुरियाचा उपयोग मुख्यतः थॅलेसेमिया इंटरमीडियाच्या काही रुग्णांना होतो. त्यांचे हिमोग्लोबिन एखाद्या-दोन ग्रॅमने वाढते आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते. सर्वांना सारखा प्रतिसाद मिळत नाही. त्यामुळे ठरावीक महिने औषध देऊन, फरक दिसला तरच ते पुढे चालू ठेवले जाते.

औषध घेताना काय पाहिले जाते?

हे दुखणे थांबवणारे औषध नव्हे. क्रायसिस आल्यावर जास्तीची कॅप्सूल घेऊन काही साधत नाही. ते रोज घ्यावे लागते आणि पूर्ण परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. दुखणे थांबले म्हणून औषध बंद केले, तर एचबीएफ पुन्हा खाली येते.

पांढऱ्या पेशी कमी करणे हा औषधाचा फायदा आहे आणि धोकाही. म्हणून सुरुवातीला साधारण दर महिन्याला आणि मात्रा स्थिरावल्यावर दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी होते. त्यात न्यूट्रोफिल साधारण दोन हजारांच्या आणि प्लेटलेट ८० हजारांच्या खाली गेल्या, तर औषध थांबवून आकडे सावरल्यावर कमी मात्रेत पुन्हा सुरू करतात. याच अहवालात ‘एमसीव्ही’ म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार दिलेला असतो. औषध नियमित घेतले, तर तो रुग्णाच्या आधीच्या आकड्यापेक्षा वाढतो. तो जागचा हलला नाही, तर डॉक्टर आधी डोस चुकत आहेत का, ते विचारतात. एचबीएफ मोजताना मात्र अलीकडे रक्त चढवले असेल, तर दात्याच्या रक्तामुळे टक्का कमी दिसतो.

लहान मुलांची अडचण मात्रेची असते. २० किलोच्या मुलाला किलोमागे १० मिलिग्रॅम द्यायचे, तर रोज २०० मिलिग्रॅम लागते, आणि बाजारात सहज मिळणारी कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची असते. ती घरी आपल्या मनाने उघडून वाटून देणे धोक्याचे आहे. भुकटी हाताला लागू नये, श्वासात जाऊ नये आणि गर्भवती महिलेने तर ती हाताळूच नये. अशा मुलांना द्रवरूप किंवा कमी मात्रेचे औषध सोयीचे पडते. मूल होण्याचा विचार असलेल्या स्त्री-पुरुषांनी औषधाबाबत आधी डॉक्टरांशी बोलायला हवे. ताप आला, तर घरी थांबू नये. सिकलसेलच्या केवळ वाहकाला हे औषध लागत नाही.

यापुढचा मार्ग कोणता?

गॅमाचे जनुक बंद ठेवणाऱ्या ‘बीसीएल११ए’ या जनुकाची भूमिका २००८ मध्ये स्पष्ट झाली. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून, त्यांतील हाच खटका जनुकसंपादनाने निकामी करणाऱ्या ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ पासून मान्यता मिळू लागली. त्यात एचबीएफ सुमारे ४० टक्क्यांवर जाते आणि जवळजवळ सर्व पेशींत पसरते. सिकलसेल आणि थॅलेसेमिया या दोन्ही आजारांत तो चालतो. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे आणि त्याआधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते. भारतात २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे उद्दिष्ट असलेले राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झाले. त्यातून शोधल्या जाणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या हाती आज पडू शकते ती हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूलच, आणि तिचा गुण टिकतो तो रोजच्या डोसवर आणि वेळच्या वेळी होणाऱ्या रक्ततपासणीवर.