मण्याच्या मागे राहिलेले तापमान

दुसऱ्या महायुद्धानंतर जेट इंजिनांचे नियंत्रण बसवताना तापमापनाची जुनी अडचण ऐरणीवर आली. थर्मोकपलचा मणी स्वतःचे तापमान सांगतो, वायूचे नव्हे. वायू स्थिर असेल तर दोन्ही जवळपास जुळतात. इंजिनाने एकदम वेग घेतला, की मणी मागे राहतो.

क्लीव्हलंडच्या लुईस प्रयोगशाळेतून १९५२ साली या विषयावर दोन मोलाचे अहवाल निघाले. स्कॅड्रॉन आणि वॉरशॉव्स्की यांनी वेगवान हवेत उघड्या तारांचे कालस्थिरांक प्रत्यक्ष मोजले. कालस्थिरांक म्हणजे तापमान अचानक बदलल्यावर त्या बदलाचा ६३ टक्के भाग गाठायला मण्याला लागणारा वेळ. तो मण्याच्या उष्णताधारकतेवर जितका अवलंबून, तितकाच भोवतीच्या प्रवाहावरही. म्हणून विक्रेत्याच्या पत्रकातला एकच आकडा सगळीकडे चालत नाही.

हिशेब करून पाहू. हवा ५०० अंश सेल्सिअस, वेग सेकंदाला २० मीटर, के-प्रकारच्या थर्मोकपलचा मणी १ मिलिमीटरचा. कालस्थिरांक साधारण १.२ सेकंद येतो. आता हवा अर्धा सेकंद ७०० अंशांवर जाऊन परत ५०० वर आली, असे समजा. मणी जेमतेम ५६८ पर्यंत चढतो. हवा थंड झाल्यावरही सव्वा सेकंदाने तो सुमारे २५ अंश वरच असतो. म्हणजे शिखर बुटके, उशिरा आलेले, वर एक लांब शेपूट. आणि कागदावर आलेख मात्र अगदी गुळगुळीत, विश्वास बसावा असा. मणी पाव मिलिमीटरचा घेतला तर कालस्थिरांक ०.१३ सेकंदावर येतो आणि तोच झोत ६९६ अंश दिसतो. पण इतकी बारीक तार इंजिनाच्या झोतात लवकर तुटते.

त्यावरचा उपाय दुसऱ्या अहवालात होता. शेपर्ड आणि वॉरशॉव्स्की यांनी विद्युत मंडलाने ही पिछाडी भरून काढण्याच्या पद्धती मांडल्या: मोजलेल्या तापमानात त्याच्या बदलाचा दर गुणिले कालस्थिरांक मिळवायचा. आज हेच काम संगणकावर दोन ओळींत होते. अडचणी मात्र त्याच आहेत. बदलाचा दर काढताना संकेतातला गोंगाटही वाढतो. शिवाय प्रवाह चौपट झाला की कालस्थिरांक ढोबळमानाने निम्मा होतो, आणि इंजिन वेग घेताना प्रवाहही बदलतच असतो. एकच स्थिरांक धरून केलेली दुरुस्ती मग शिखर उगाच उंच करते किंवा पुरते भरत नाही.

माझ्या मते सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे वेगवेगळ्या जाडीचे दोन मणी शेजारी लावणे. स्थिर अवस्थेत दोन्ही जुळले आणि बदलताना फाटले, तर दोष पिछाडीचा. अशी जोडी नसेल, तर निदान मण्याचा व्यास आणि वायूचा वेग आलेखासोबत नोंदवा. त्यांच्याविना शिखराचा आकडा कुठल्याही हिशेबात धरू नये.