C-09 रिकामं होतं, फक्त कॉम्प्युटरला

माझा विषय गोदामातल्या मालाच्या जागा हा आहे, असं सांगितलं की बहुतेक जण विचारतात, "यात संशोधन काय करायचं? जागा दिसली की ठेवायचं." आज एकाच लोकेशनची गोष्ट सांगतो. बिरवाडीजवळ महाड एमआयडीसीतल्या एका गोदामातलं, C-09 नावाचं. तिथे मी गेल्या वर्षी मे-जूनमध्ये निरीक्षणासाठी बसत होतो. गोदाम कुणाचं ते महत्त्वाचं नाही. अशी चूक कुठेही होऊ शकते.

मे-जूनच का, तर पावसाच्या आधी इथे साठा वाढवतात. घाटरस्त्यांचा भरवसा नसतो, आणि २२ जुलै २०२१ चा पूर महाडमध्ये कुणीच विसरलेलं नाही. त्यामुळे वर्षभर जे गोदाम निम्मं रिकामं असतं ते या दिवसांत गच्च भरतं. जागांचे नियम बरोबर आहेत का, हे तेव्हाच कळतं.

तिथे ईआरपीनेक्स्ट वापरतात. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ही मुक्त स्रोत प्रणाली आहे. तिच्यात एक शब्द नव्या माणसाला हमखास फसवतो. आपण रॅकच्या कप्प्याला बिन म्हणतो, पण या प्रणालीत `Bin` म्हणजे कप्पा नव्हे. अमुक माल अमुक ठिकाणी किती शिल्लक आहे, याची ती नोंद असते. प्रत्यक्ष कप्पा दाखवायचा तर तो `Warehouse` म्हणूनच बनवावा लागतो, मोठ्या गोदामाच्या पोटातलं छोटं गोदाम. म्हणजे C-09 हेही प्रणालीच्या लेखी एक गोदामच.

आलेला माल कुठे लावायचा ते `Putaway Rule` सांगतो. एका नियमात एक माल, एक जागा, त्या जागेची क्षमता आणि प्राधान्याचा आकडा असतो. माल आला की प्रणाली त्या मालाचे नियम प्राधान्यक्रमाने लावते (आकडा लहान तो आधी), प्रत्येक जागी किती मावेल ते बघते आणि उरलेला माल पुढच्या जागी ढकलते.

आता उदाहरण. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या २०० लिटरच्या ड्रमला तीन जागा होत्या: A-01, A-02 आणि शेवटी C-09. प्रत्येकीची क्षमता ८ ड्रम. A-01 मध्ये आधीचे ६ होते, बाकी दोन्ही रिकाम्या. १४ ड्रम आले. प्रणालीने A-01 मध्ये २, A-02 मध्ये ८ आणि C-09 मध्ये ४ लावायला सांगितले. अगदी बरोबर.

चार दिवसांनी हायड्रोजन पेरॉक्साइडचे ५० किलोचे ३० कॅन आले. त्याला दोन जागा होत्या, B-01 आणि जादा मालासाठी C-09, प्रत्येकी २४ कॅनच्या. B-01 मध्ये १० होते, म्हणून १४ तिथे गेले. राहिलेल्या १६ साठी प्रणालीने C-09 ची जागा मोजली आणि उत्तर दिलं, २४ कॅनची जागा मोकळी आहे.

पण तिथे तर चार ड्रम उभे होते!

कारण साधं आहे. मोकळी जागा काढताना प्रणाली नियमातल्या क्षमतेतून त्याच मालाची त्या जागेवरची शिल्लक वजा करते. दुसऱ्या मालाकडे ती बघतच नाही. पेरॉक्साइडची C-09 मधली शिल्लक शून्य, म्हणून चोवीसच्या चोवीस मोकळे. दोन मालांचे नियम एकाच जागेकडे बोट दाखवत असले तरी त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो. बरं, नुसती अडचण झाली असती तर चाललं असतं. पण पेरॉक्साइड ऑक्सिडायझर आणि अल्कोहोल ज्वालाग्राही. हे दोन शेजारी ठेवायचे नसतात, आणि कुठला माल कुणाशेजारी चालत नाही याचा रकाना या नियमात नाहीच.

वाचवलं ते स्टोअरच्या काकांनी. कागद बघून म्हणाले, "हे इथं नाय ठेवायचं बाबा, पेटायचं सगळं," आणि १६ कॅन मागच्या सावलीच्या शेडमध्ये नेऊन लावले. निर्णय शंभर टक्के बरोबर. फक्त ती शेड प्रणालीत नव्हतीच, आणि पावती C-09 च्या नावाने आधीच सबमिट झाली होती.

मला खरा रस यानंतरच्या भागात आहे. पुढच्या आठवड्यात प्लांटला २० कॅन हवे होते. आधीचे १० मे महिन्यात आलेले, मुदत डिसेंबरची. नंतरचे ३० जूनमध्ये आलेले, पण त्यांची मुदत ऑक्टोबरची. पुरवठादाराकडेच ते पडून होते. आधी आलेला आधी काढायचा, म्हणजे फिफो, असं असतं तर जुने १० आणि नवे १० निघाले असते. पेरॉक्साइड हळूहळू विघटन पावतं, त्याची तीव्रता उतरते, म्हणून तिथे `Pick Serial / Batch Based On` या सेटिंगमध्ये `Expiry` निवडलं होतं. हेही योग्यच. त्यामुळे पिक लिस्टवर सगळे २० नव्या बॅचचे आले: B-01 मधून १४ आणि C-09 मधून ६.

माल काढणारा मुलगा C-09 ला गेला तर समोर नुसते अल्कोहोलचे ड्रम. गाडी थांबलेली. त्याने सरळ B-01 मधल्या उरलेल्या १० पैकी ६ उचलले आणि लिस्ट पूर्ण केली. ते सहा जुन्या बॅचचे होते.

महिनाअखेरीच्या मोजणीत काय दिसलं असेल? प्रणालीप्रमाणे B-01 मध्ये १० जुने, C-09 मध्ये १० नवे, एकूण २०. प्रत्यक्षात B-01 मध्ये ४ जुने, शेडमध्ये १६ नवे, एकूण २०. मालानुसार बेरीज केली तर काहीच चुकलेलं नाही! चूक जागेत आणि बॅचमध्ये आहे. ऑक्टोबरमध्ये संपणारे सहा कॅन प्रणालीच्या लेखी वापरून झालेत, आणि प्रत्यक्षात शेडमध्ये उभे आहेत. शिवाय प्लांटच्या बॅच रेकॉर्डवर भलताच बॅच नंबर गेला. उद्या त्या उत्पादनाची तक्रार आली तर शोध चुकीच्या कॅनपर्यंत पोचणार.

म्हणून मी मोजणी नेहमी जागा आणि बॅच धरून करायला सांगतो, एकूण बेरजेवर नाही. आणि मूळ रोग तर माल येण्याआधीच सापडतो. एकाच जागेवर एकापेक्षा जास्त नियम आहेत का, एवढंच डेटाबेसला विचारायचं:

```sql
SELECT warehouse, COUNT(*)
FROM `tabPutaway Rule`
WHERE disable = 0
GROUP BY warehouse
HAVING COUNT(*) > 1;
```

त्या गोदामात ही क्वेरी चालवल्यावर C-09 सोडून आणखी तीन नावं आली. तिन्ही जादा मालाच्या जागा. साहजिक आहे, कारण नियम बनवणारा प्रत्येक मालाचा विचार वेगळा करतो आणि शेवटचा पर्याय म्हणून प्रत्येक वेळी तोच रिकामा कोपरा लिहून टाकतो.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. शेड प्रणालीत स्वतंत्र जागा म्हणून आणली आणि पेरॉक्साइडचा दुसरा नियम तिच्यावर वळवला. C-09 फक्त अल्कोहोलला ठेवलं. शेडमधले १६ कॅन एकेक बॅच नंबर वाचून मोजले आणि नोंदी त्याप्रमाणे दुरुस्त केल्या. आता दोन्ही जागा भरल्या आणि तरी माल उरला तर तो मावत नाही असा संदेश पडद्यावर येतो. सुरुवातीला ऑफिसमधल्यांना तो कटकट वाटला. काकांना मात्र आवडला, म्हणाले, "आता निदान आधी विचारतं तरी."

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. कॉस्टिक सोड्याच्या गोण्या उन्हाळ्यात खालच्या थरात ठेवणं सोयीचं, पण पावसाळ्यात खालचा थर नको. नियमातल्या प्राधान्याला ऋतू कळत नाही. सध्या काका दर मे महिन्याच्या शेवटी ते आकडे हाताने उलटे करायला लावतात आणि दिवाळीनंतर परत सरळ.