बँक-हमीच्या अनुवादातील ‘केल्यास’

बँक-हमीच्या अनुवादात खरी अडचण बहुधा पारिभाषिक नामांची नसते. हमी, लाभधारी, पतपत्र हे शब्द आता रुळले आहेत. दायित्वाचे स्वरूप पालटते ते ‘केल्यास’सारख्या एखाद्या लहानशा रूपामुळे.

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याच्या कलम १२६ नुसार, तिऱ्हाईताने कसूर केल्यास त्याचे वचन पाळण्याची अथवा त्याचे दायित्व फेडण्याची संविदा म्हणजे हमी. येथे कसूर ही देण्याची अटच आहे. मागणी-हमीचे स्वरूप याहून निराळे असते. मूळ कराराविषयीच्या वादात बँक शिरत नाही. ठरल्या शब्दांतील लेखी मागणी मुदतीत पोहोचली की ती रक्कम देते. आता दोन वाक्ये पाहावीत. ‘कंत्राटदाराने कसूर केली असल्याचे नमूद करणारी मागणी येताच बँक रक्कम देईल.’ ‘कंत्राटदाराने कसूर केल्यास, मागणी येताच बँक रक्कम देईल.’ पहिल्यात लाभधाऱ्याचे कथन पुरेसे आहे. दुसऱ्यात कसूर प्रत्यक्ष घडली होती की नाही, हा प्रश्न उभा राहतो. दुसरे वाक्य कानाला अधिक सहज वाटते, आणि धोका आहे तो तेथेच.

उलट दिशेची चूकही तितकीच संभवते. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली निर्णय दिला. त्यातील हमीपत्रात ‘बिनशर्त’ हा शब्द होता; तथापि कंत्राटदाराकडून दायित्वे पुरी न झाल्यास रक्कम देय होईल, असा अंशही त्याच वाक्यात होता. त्या अंशामुळे हमी सशर्त ठरली. शिवाय मागणीचा अधिकार मुख्य अभियंत्याचा असता ती कार्यकारी अभियंत्याने केली होती, म्हणून तीही अवैध ठरली. अशा मजकुराचा अनुवाद करताना विसंगती मिटविण्यासाठी ‘न झाल्यास’ गाळणे, अथवा दोन्ही अधिकाऱ्यांसाठी ‘संबंधित अभियंता’ असे मोघम पद योजणे, म्हणजे बँकेवर नवे दायित्व लादणे होय.

पतपत्रातही हाच न्याय लागू पडतो. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या २००७ पासून लागू असलेल्या नियमांनुसार रक्कम वा संख्या यांपुढे ‘सुमारे’ या अर्थाचे पद असल्यास तिच्यात दहा टक्के कमी-अधिक चालते. दोहोंपुढे ते पद असेल, तर १,००० पोत्यांच्या पतपत्रावर १,०५० पोत्यांची कागदपत्रे ग्राह्य ठरतात. अनुवादात ते पद सुटले, तर निर्यातदार जादा पन्नास पोती पाठविण्याची आपली मुभा गमावतो. आणि केवळ भाषेच्या ओघात ते आले, तर त्याने विसंबून पाठविलेल्या मालाची कागदपत्रे बँक नाकारू शकते.

म्हणून मूळ वाक्य संदिग्ध असेल तेथे अनुवादकाने ती संदिग्धता तशीच ठेवावी आणि तिचा उल्लेख मजकुराबाहेरील स्वतंत्र टिपणात करावा. दोन पाठांत भेद आढळल्यास कोणता प्रमाण मानावा, हे मात्र पक्षांनीच कलम घालून ठरवावयाचे असते.